टाक्याशेजारची भेग

आमच्या संस्थेत तिला सगळे शिंपीण म्हणत. शिवणकाम तिला येत नव्हतं. साधं बटण लावायचं तरी ती वैतागायची. पण स्टेनलेसच्या दोन नळ्या जोडताना तिचं वेल्डिंग असं उतरायचं की एकेक टाका मोजून घ्यावा. नवा कुणी कामाला लागला की त्याला आधी तिच्या टेबलावरचा एक जोड दाखवायचे आणि म्हणायचे, "हा हातानं केलाय, मशीननं नाही." त्याला खरं वाटायचं नाही.

हे काम तिला शिकवलं सासऱ्यांनी. ते जहाजाच्या कारखान्यात बॉयलर जोडायचे. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला, तेव्हा माहेरची माणसं न्यायला आली होती. सासऱ्यांनी तिला एवढंच विचारलं, "जायचंय की काम शिकायचंय?" ती राहिली. सहा महिने रोज त्यांच्याकडून बोलणी खाल्ली, दोन्ही मनगटांवर भाजल्याचे डाग पाडून घेतले, आणि परीक्षेला बसली तेव्हा बाराजणांत एकटी पास झाली. हे ती कुणाला सांगायची नाही. मला सासऱ्यांनीच सांगितलं, तेही तिच्यासमोर, आणि ती "बाबा, पुरे" म्हणत उठून गेली.

मी धातूच्या तपासणी विभागात होतो. नमुना कापायचा, आरशासारखा घासायचा, आम्ल लावायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. म्हणून ती मला 'भिंगवाले' म्हणायची. वयानं मी तिच्याहून दहा वर्षांनी लहान, पण ती कधी अरेतुरे करत नसे.

संस्थेचं काम होतं संलयनाच्या भट्टीचं. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, हायड्रोजनचेच दोन जड भाऊ, इतके तापवायचे की ते एकमेकांत मिसळतील आणि त्यातून ऊर्जा निघेल. ती भट्टी अजून कागदावर होती. आमच्याकडे आला होता तिच्या पोटातल्या नळ्यांचा प्रश्न. आतली भिंत थंड ठेवायला तिच्यामागून पाण्याच्या नळ्या जातात. भिंत काही वर्षांत खराब होणार, ती बदलायची म्हणजे नळ्या कापायच्या, नवी भिंत बसवायची, नळ्या परत जोडायच्या. माणसाला आत जाता येणार नाही, इतका किरणोत्सार. म्हणून नळीभोवती फिरून जोडणारं यंत्र बनवलं होतं, आणि त्या यंत्राला हात शिकवायला शिंपिणीला आणलं होतं. करंट किती, वेग किती, आर्गॉन वायू किती सोडायचा, कुठे थांबायचं, हे सगळं ती ठरवायची.

नव्या कोऱ्या नळ्यांवर यंत्रानं पहिल्या आठवड्यातच सुरेख जोड दिले. मग खरी परीक्षा आली. एका जुन्या संशोधन अणुभट्टीच्या गाभ्यात न्यूट्रॉन खात पडलेले नळीचे तुकडे आमच्याकडे आले. ते ठेवले मीटरभर जाड भिंतींच्या बंद खोलीत. त्या खोलीला पिवळट शिशाच्या काचेची खिडकी; बाहेर उभं राहून यांत्रिक हातांनी आतलं काम करायचं. शिंपिणीनं पहिला तुकडा जोडला. काचेतून बघितला तर जोड देखणा. तिनं मागे वळून माझ्याकडे बघत अंगठा वर केला. तुकडा थंड होत गेला आणि पाऊण मिनिटात टाक्याला अगदी लागून एक केसासारखी भेग पडली.

दुसऱ्या तुकड्याचं तेच झालं, तिसऱ्याचंही. तिनं करंट उतरवला, वेग वाढवला. भेग बारीक झाली, पण गेली नाही.

मुख्य अभियंता सज्जन दिसणारा माणूस होता. आवाज कधी चढवायचा नाही. त्यानं फोटो बघितले आणि म्हणाला, "उष्णता जास्त दिली जातेय. हाताची सवय आहे तुम्हाला, बाई. दूरच्या यंत्राला वेगळा अंदाज लागतो."

"साहेब, नव्या नळीवर याच यंत्रानं, याच मापानं चोवीस जोड दिले. एकालाही भेग नाही."

"ते बाहेरच्या टेबलावर. खोलीत नाही."

त्या दिवशी ती मला सोबत घरी घेऊन गेली. दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत घातलेले कामाचे हातमोजे. सासरे खुर्चीत बसून रेडिओ दुरुस्त करत होते. तिनं चहा ठेवला आणि सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं मान वर न करता विचारलं, "भेग टाक्यात आहे की शेजारी?"

"शेजारी."

"दोन्ही बाजूंना?"

"हो, बाबा. टाक्यापासून केसभर अंतरावर. दोन्ही कडांना."

"मग हात चांगला आहे. लोखंडच आजारी आहे." एवढं बोलून ते परत रेडिओत घुसले.

ती माझ्याकडे वळली. "आता तुम्ही सांगा, भिंगवाले. काय झालंय लोखंडाला?"

मी चहाचा कप बाजूला सारला आणि टेबलावर बोटानं दाखवायला लागलो. "दोन केंद्रकं मिसळतात तेव्हा दर वेळी ठरावीक ऊर्जा निघते. आमच्या भाषेत १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. मिसळून दोन तुकडे उडतात. एक हेलियमचा. त्याच्या वाट्याला साडेतीन. त्याच्यावर विद्युतभार असतो, म्हणून चुंबकं त्याला आतच पकडून ठेवतात आणि तो भट्टी गरम ठेवतो. दुसरा न्यूट्रॉन. त्याच्या वाट्याला १४.१."

"म्हणजे पाचातले चार वाटे त्याचे."

"जवळजवळ. आणि त्याच्यावर भारच नाही. चुंबकाला तो जुमानत नाही. सरळ भिंतीत घुसतो. भिंतीत धडका देत देत थांबतो, त्याची उष्णता होते, तीच पाणी घेऊन जातं आणि त्यातूनच वीज करायची."

"मग तेवढ्यासाठीच तर भट्टी आहे."

"हो ना. पण धडका देताना तो लोखंडाचे अणू जागेवरून उडवतो. आतल्या भिंतीत काही वर्षांत एकेक अणू डझनावारी वेळा जागा सोडतो. पुष्कळ परत बसतात, सगळे नाही. धातू कडक होतो, ठिसूळ होतो. शिवाय इतक्या वेगाचा न्यूट्रॉन अणूच्या केंद्रकात शिरला, की कधी कधी त्यातून हेलियम बाहेर पडतो. काही अणू किरणोत्सारी होऊन बसतात, म्हणून तर माणूस आत जाऊ शकत नाही. साध्या अणुभट्टीतले न्यूट्रॉन याच्या मानानं मंद. तिथे पोलादात हेलियम कमी होतो."

"पण आपले तुकडे तर साध्या अणुभट्टीतले."

मला तिचं हे आवडायचं. ऐकता ऐकता ती बरोबर सांधा पकडायची. "आपल्या तुकड्यांत निकेल आहे. निकेलमध्ये मंद न्यूट्रॉनही दोन पायऱ्यांनी हेलियम करतात. म्हणून अणुभट्टीतलं स्टेनलेस या परीक्षेला चालतं. खऱ्या भट्टीत मात्र निकेल असो नसो, त्या वेगापुढे लोखंडातूनही हेलियम निघेल."

"आणि हेलियम असला म्हणून काय झालं? आम्ही कधी कधी आर्गॉनऐवजी हेलियमच सोडतो जोडावर."

"बाहेरून सोडता, बाई. हा आत अडकलेला. धातूत तो विरघळत नाही. थंड असेपर्यंत सुटा सुटा पडून राहतो. तुम्ही जोड द्यायला तापवलंत की हलायला लागतो, धातूच्या कणांमधल्या शिवणीत जमतो आणि त्याचे बुडबुडे होतात. मग जोड थंड होताना आकसतो, बाजूचा धातू ओढतो, आणि शिवण उसवते."

तिनं बाजूला सारलेला कप परत माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही हे बघितलंय? का पुस्तकात वाचलंय?"

"तिसऱ्या तुकड्याचा काप घासलाय मी. शिवणीवर रांगेनं बुडबुडे आहेत."

"मग साहेबांना दाखवा की!"

दाखवले. त्यानं फोटो बघितला, चष्मा काढला. म्हणाला, "हे घासताना उपटलेले खड्डेही असू शकतात." तसं म्हणायला जागा होती, आणि त्यानं ती घेतली. अडचण वेगळीच होती, हे मला नंतर कळलं. आराखड्यात नळीचा जोड भिंतीच्या फार जवळ काढला होता. मागे सरकवायचा तर पुढे न्यूट्रॉन अडवणारी जाड ढाल घालावी लागणार, ढालीला जागा हवी, म्हणजे बाहेरची चुंबकं मोठी, म्हणजे सगळा आराखडा नव्यानं. आराखडा त्यानंच केलेला. त्यानं अणू किती हलतात एवढंच धरलं होतं. जोडाच्या जागी भट्टीच्या निम्म्या आयुष्यात पाच अणूंमागे एक हलणार, म्हणजे धातू धडधाकट. ते खरंच होतं. पण तेवढ्यात दहा लाख अणूंमागे तीन हेलियमचे तयार होतात, आणि एकाच्या वर गेलं की जोड देणं धोक्याचं होतं, हे त्यानं धरलं नव्हतं.

शिंपिणीनं साधी गोष्ट मागितली. "एक कोरी नळी त्याच खोलीत टाका. त्याच खिडकीतून, त्याच यांत्रिक हातांनी मी जोडते. तिला भेग पडली तर माझा हात वाईट."

साहेब म्हणाला, "खोलीचे दिवस ठरलेले आहेत. कोऱ्या नळीवर घालवता येणार नाहीत."

मग ती माझ्याकडे आली. "भिंगवाले, तुकडे आत सोडण्याची यादी तुमच्याकडे असते ना?"

मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी दहा नंबरच्या मागे एक कोरा तुकडा टाकला आणि त्यावर अकरा नंबर घातला. तुकडा आत सोडायच्या अर्जावर साहेबाची सही लागायची. ती मी घेतली नाही. शिंपिणीलाही सांगितलं नाही कुठला कोरा ते. "सांगूच नका, म्हणजे माझा हात आपसूक सावरून घेणार नाही," असं तीच म्हणाली होती.

त्या सकाळी तिनं तीन तुकडे जोडले. दहाला भेग. बाराला भेग. अकरा थंड झाला, आम्ही अर्धा तास काचेला नाक लावून उभे, काही नाही. दुपारी मी त्याचा काप घासला. स्वच्छ. शिवणीवर एक ठिपका नाही. त्याच दिवशी दहा नंबरचा कपचा निर्वात भट्टीत वितळवून त्यातला वायू मोजून घेतला: दहा लाखांमागे सात हेलियम. अकरात मोजता येण्याइतकाही नव्हता.

मी तिला आकडा सांगितला तेव्हा ती हसली नाही. डोक्यावरचा रुमाल सोडून परत बांधला आणि म्हणाली, "बाबांना सांगते."

निकाल साहेबाकडे गेला आणि पुढच्या आठवड्यात चौकशी बसली. टेबलाच्या पलीकडे तीन माणसं, मधे साहेब. खिडकीबाहेर गवत कापायचं यंत्र चालू होतं, त्यामुळे सगळे थोडं मोठ्यानं बोलत होते. मला वाटलं आता अकराचे फोटो निघतील. निघाले. साहेबानं ते नीट ओळीत मांडले आणि शांतपणे विचारलं, "अकरा नंबरचा तुकडा परवानगीशिवाय खोलीत गेला. कुणी टाकला?"

मी तेव्हा हंगामी होतो. महिनाभरात माझी नोकरी कायम व्हायची होती, कागद त्याच साहेबाच्या टेबलावर होता. हे मी सबब म्हणून सांगत नाही, त्या वेळी माझ्या डोक्यात काय होतं तेवढं सांगतोय. मी समोरच्या कागदाकडे बघत राहिलो. गवताचं यंत्र लांब गेलं, परत जवळ आलं.

"मी," शिंपीण म्हणाली.

"तुम्हाला खोलीत तुकडे सोडता येत नाहीत, बाई. अधिकार नाही."

"मीच सांगितलं होतं टाकायला."

"म्हणजे तुम्ही. ठीक आहे." त्यानं लिहून घेतलं. "आणि हा तुकडा ठरलेल्या कार्यक्रमात नसल्यामुळे त्याचा निकाल धरता येणार नाही."

तिनं विचारलं, "साहेब, निकाल खोटा आहे का?"

"खोटा म्हणत नाही मी. धरता येणार नाही म्हणतोय."

तिचं प्रमाणपत्र रद्द झालं. नोंदवहीत कारण लिहिलं: 'भेगा – जोडकामातील चूक, तसेच कार्यपद्धतीचा भंग.' एका ओळीत दोन्ही. जिला चूक नाही हे दाखवायला नियम मोडावा लागला, तिच्यावर चुकीचाही ठपका आला आणि नियम मोडल्याचाही. प्रमाणपत्राशिवाय त्या धंद्यात कुणी दारात उभं करत नाही. तिनं तीन अर्ज केले. तिन्हींना उत्तर आलं, त्यात तीच ओळ उद्धृत केलेली होती. शेवटी शहराबाहेरच्या दुधाच्या कारखान्यात टाक्यांच्या नळ्या जोडायचं काम मिळालं. तिथे जुनं प्रमाणपत्र कुणी मागितलं नाही, कारण पगारही तसाच होता.

माझी नोकरी कायम झाली.

दोन वर्षांनी साहेब वरच्या जागेवर गेला. नव्या माणसांनी आराखडा पुन्हा तपासला, दुसऱ्या दोन प्रयोगशाळांतून तसल्याच भेगांचे निकाल आले होते, आणि जोड पस्तीस सेंटीमीटर मागे, ढालीच्या पाठीशी गेला. त्यावर एक जाडजूड अहवाल निघाला. त्यात बुडबुड्यांचा माझा फोटो होता, आणि लेखकांत तिसरं नाव माझं. पहिलं साहेबाचं. तक्त्यात अकरा नंबर होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं: 'तुलनेसाठी योजलेला कोरा नमुना.' प्रास्ताविकात त्या योजनेबद्दल दूरदृष्टी हा शब्द वापरला होता. जोड कुणी दिले, याबद्दल होतं, 'प्रशिक्षित कारागिराकडून.'

मी तो अहवाल घेऊन गुणवत्ता विभागात गेलो. सांगितलं, अकरा मी टाकला होता, आणि भेगा जोडकामाच्या चुकीनं नव्हत्या हे आता तुमच्याच छापील कागदावर आहे. तेव्हा नोंदवहीतली ओळ खोडा. तिथल्या बाईंनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "तुम्ही त्या वेळी लेखी दिलं असतंत तर. आता फाइल बंद झालीय. बंद फाइलमध्ये खाडाखोड चालत नाही." मी म्हणालो, मग माझ्यावर कारवाई करा. त्या म्हणाल्या, "कशाबद्दल? नोंदीप्रमाणे तुम्ही काही केलेलंच नाही."

मी लेखी दिलं तरी. पोच मिळाली. पुढे काही नाही.

मग तिला भेटायला गेलो. जेवणाची सुट्टी होती. पत्र्याच्या छपराखाली लाकडी पेटीवर बसून ती डबा खात होती. केस पांढरे झाले होते, हात तसेच. सासरे त्याच वर्षी, अहवाल निघायच्या आधी, गेल्याचं तिनं सांगितलं. "शेवटपर्यंत म्हणत होते, बोलावतील तुला परत. टपालवाला आला की उठून बसायचे."

मी अहवाल पुढे केला. तिनं हात पुसून तो घेतला, भराभर पानं उलटून आकृतीवर आली आणि बोटानं मापलं. "किती मागे नेला जोड?"

"पस्तीस सेंटीमीटर."

"मग हेलियम किती होईल तिथे?"

"दहा लाखांमागे एकाहून बराच कमी."

"मग टिकेल." आणि तिला बरं वाटलेलं मला दिसलं. त्या लोकांनी तिचं वाटोळं केलं होतं आणि त्यांचा जोड टिकेल याचं तिला बरं वाटलं. मला ते बघवेना.

मग तिनं पहिलं पान काढलं. नावं वाचली. माझ्या नावावर थांबली.

"बाई, मी त्या दिवशी बोलायला हवं होतं," मी म्हणालो. "तुम्ही मला वाचवलंत."

"नाही हो." तिनं अहवाल मिटून माझ्या मांडीवर ठेवला. "वाचवायला नव्हते बोलले मी. तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. ते गवताचं यंत्र पार कुंपणापर्यंत जाऊन परत आलं, तोपर्यंत थांबले होते. मग कुणीतरी बोलायलाच हवं होतं."

मी काहीतरी म्हणायला लागलो. तिनं डब्याचं झाकण लावलं.

"आता माफी मागू नका. मला मग 'असू दे' म्हणावं लागेल, आणि तसं मला वाटत नाही."

भोंगा झाला. ती उठली, चेहऱ्यावर काच ओढली आणि आत गेली. थोड्या वेळानं छपराखालच्या भिंतीवर निळा उजेड हलायला लागला. मी तिथेच उभा होतो. रखवालदारानं येऊन विचारलं, "कुणाकडे आलात?"

ती अजून तिथेच काम करते. आता मी आमच्या विभागाचा प्रमुख आहे. मागच्या महिन्यात एका नव्या वेल्डरच्या जोडाला भेग पडली, तेव्हा पहिल्या कागदावर मीच लिहिलं, 'जोडकामातील चूक असण्याची शक्यता.' मग तो कागद फाडला आणि नमुना मागवला. पण नमुना बघायच्या आधी मी लिहिलं होतं तेच.